‘कुठे उतरणार?’ : पहिल्या सेटच्या पहिल्या मिनिटाचं प्रकरण

ठाण्यात एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून दोनदा मराठी स्टँड-अपचा ओपन माइक होतो, म्हणजे कोणीही नाव नोंदवावं आणि मंचावर येऊन विनोद करून बघावेत. तिथलं सूत्रसंचालन मी करतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने नाव नोंदवलं. डोंबिवलीला राहते, सीएसएमटीजवळ एका कचेरीत हिशेबाचं काम करते, आधी कधीच मंचावर उभी राहिलेली नाही. तिला चार मिनिटांचा स्लॉट मिळाला आणि तयारीला हातात पंधरा दिवस होते. विषय तिने आधीच ठरवला होता, रोजचा लोकलचा प्रवास. “दादा, एकदा ऐकून घ्याल का?” म्हणाली आणि फोनवरून हे वाचून दाखवलं:

“नमस्कार! कसे आहात सगळे? आवाज येतोय ना मागे? तर हे माझं पहिलंच आहे, जरा सांभाळून घ्या. इथे डोंबिवलीचं कोणी आहे का? नाही? बरं, कल्याण? लोकलने तर सगळेच जात असाल ना? तर मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते आणि मित्रांनो, काय ती गर्दी! म्हणजे चढताना माणूस माणूस असतो आणि उतरताना त्याचं भरीत झालेलं असतं. वर तो घाम! आणि ती घोषणा, गाडी उशिराने धावत आहे. अहो, आमचं अख्खं आयुष्यच उशिराने धावतंय…”

वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नव्हतो, पण मला तिची काळजीही वाटली नव्हती. पहिला मसुदा जवळजवळ प्रत्येकाचा असाच असतो, माझाही होता. त्यातली मेख तिला तिच्याच कानांनी कळावी म्हणून मी तिला तेच पुन्हा, या वेळी उभं राहून, रेकॉर्डिंग सुरू ठेवून म्हणायला लावलं. मग आम्ही घड्याळ लावून ऐकलं. हसू येण्याची पहिली शक्यता कुठे आहे? भरीताच्या वाक्यावर. ते वाक्य आलं ३६व्या सेकंदाला.

३६ सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण ओपन माइकच्या खोलीत कोण बसलेलं असतं ते बघा. पंचवीस माणसं असली तर त्यातली निम्मीअधिक स्वतःच आपल्या पाळीची वाट बघत असतात. त्यांच्या हातात वही किंवा फोन असतो आणि डोक्यात स्वतःची वाक्यं घोळत असतात. नवा माणूस मंचावर आला की ती सौजन्याने मान वर करतात. तेवढ्यात काही मिळालं नाही तर मान परत खाली जाते. मी कडेला उभा असतो, त्यामुळे मला हे अगदी स्पष्ट दिसतं: फोनच्या उजेडाने एकेक चेहरा निळसर होत जातो. वीसेक सेकंदांनंतर हा उजेड पसरायला लागतो आणि एकदा खाली गेलेली मान वर आणायला पुढचा विनोद दुप्पट चांगला लागतो. चार मिनिटांच्या सेटमधलं पहिलं मिनिट म्हणजे चौथा हिस्सा. तिचा त्यातला अर्ध्याहून जास्त भाग आवाज येतोय का हे विचारण्यात आणि माफी मागण्यात चालला होता.

“सांभाळून घ्या” या दोन शब्दांवर आमचा थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, खरं बोललं तर लोक आपल्या बाजूचे होतात. गाण्याच्या घरगुती बैठकीत होतही असतील. इथे उलटं होतं. तुम्ही सांभाळायला सांगितलंत की ऐकणारा काळजीत पडतो आणि काळजीत पडलेला माणूस हसत नाही, तो धीर देतो. पहिल्या विनोदावर मग टाळ्या येतात, हसू येत नाही. त्या टाळ्या ओळखायला शिकलं पाहिजे, त्या फार वाईट असतात.

प्रेक्षकांना प्रश्न विचारण्याचंही तसंच. “डोंबिवलीचं कोणी आहे का?” याला मुरलेला कलाकार कुठलंही उत्तर आलं तरी पुढे नेतो, कारण तो सराव त्याने शंभर खोल्यांत केलेला असतो. पहिल्या दिवशी उत्तर आलं नाही तर काय करायचं हे तिच्याकडे नव्हतं. मसुद्यातच तिने “नाही? बरं” असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे शांतता मिळणार हे तिला आधीच ठाऊक होतं!

पण हे सगळं काढून टाकलं तरी खरी अडचण उरतच होती. ती म्हणजे ‘गर्दी’.

गर्दी हा विषय आहे, निरीक्षण नव्हे. लोकलमध्ये गर्दी असते हे डोंबिवलीकराला सांगणं म्हणजे समुद्र खारट आहे हे कोळ्याला सांगणं. “काय ती गर्दी” म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात पुढची तीन वाक्यं तयार होतात: चेंगराचेंगरी, घाम, भरीत किंवा सँडविच. तुम्ही तिथे पोचता तेव्हा तो आधीच पोचून तुमची वाट बघत बसलेला असतो. विनोदात ऐकणारा आपल्या पुढे गेला की संपलं. आणि घोषणेवरून ‘आयुष्यच उशिराने धावतंय’ हे मी माझ्या खोलीत किती वेळा ऐकलंय याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

म्हणून तिला एक काम दिलं. पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, येता-जाता फोनवर टिपून ठेवायचं. पण मत लिहायचं नाही, विशेषण लिहायचं नाही, ‘भयंकर’, ‘धमाल’ असले शब्द वर्ज्य. दोनच गोष्टी टिपायच्या: कोणी काय वाक्य बोललं आणि कोणाचे हात काय करत होते. विनोद सुचला तरी लिहायचा नाही. हे शेवटचं तिला जड गेलं. पण नवखा माणूस विनोद शोधायला लागला की ऐकणं थांबवतो आणि मग त्याच्या हाती आधी कोणीतरी केलेलेच विनोद लागतात.

शुक्रवारी रात्री तिने यादी पाठवली. त्यातल्या काही नोंदी जशाच्या तशा:

“दारातली बाई बाहेरच्यांना: आत चला, आत सगळं रिकामं आहे. स्वतः दारातच.”
“पंखा फिरत नव्हता. एका काकूंनी जाळीतून कंगवा घालून पातं ढकललं. सुरू झाला. कंगवा पुसून केसांना लावला.”
“मेथी निवडणारी. पानं डब्यात, काड्या पिशवीत. मुंब्र्यापर्यंत एक जुडी.”
“फोनवर: हो हो, कुर्ला गेलं. बाहेर दिवा स्टेशन.”
“तिघींच्या बाकावर चौथी. जरा सरका. कोणी सरकलं नाही, तरी बसली.”
“कुठे उतरणार?”
“कुठे उतरणार?”
“कुठे उतरणार? – ठाणा. – ठाणा माझं झालंय हां.”

शेवटचा प्रश्न त्या यादीत चौदा वेळा होता. तिला वाटलं आपण उगाच तेच तेच लिहिलं. मला वाटलं काम झालं.

ज्यांनी लोकलचा रोजचा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उभा असलेला माणूस बसलेल्याला विचारतो, कुठे उतरणार? उत्तर मिळालं की ती जागा, त्या स्टेशनपासून, विचारणाऱ्याची झाली. कागद नाही, पावती नाही, पण हा करार डब्यातले सगळे पाळतात. दुसरा कोणी विचारायला आला की त्याला सांगितलं जातं, यांचं झालंय. मग तो पुढच्या बाकाकडे वळतो. रोज लाखो लोक हे करतात आणि यात काही वेगळं आहे असं एकालाही वाटत नाही. नेमकी अशीच गोष्ट हवी असते, जी सगळे करतात पण जिच्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

यादीतल्या इतर नोंदी वाईट नव्हत्या. कंगव्याची तर मला फार आवडली. मग प्रश्नच का निवडला? त्यासाठी मी एक कसोटी लावतो. ते वाक्य किंवा ती कृती लोकलमधून उचलायची आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायची. घरात, लग्नात, दवाखान्यात, कचेरीत. तिथे ती विचित्र दिसली तर पुढे रस्ता आहे. कंगवा घरच्या पंख्यात घातला तर फक्त कंगवा मोडतो. मेथी कुठेही निवडली तरी मेथीच. ‘आत सगळं रिकामं आहे’ हे दुसरीकडे नेता येतं, पण त्याला दार लागतं, गर्दी लागते, म्हणजे मंचावर बरंच काही उभं करावं लागतं. ‘कुठे उतरणार?’ला काहीच लागत नाही. एक माणूस बसलेला आणि एक उभा, बस्स. आणि ज्या घरात कोणीतरी बराच वेळ बसून आहे, तिथे हा प्रश्न नेला की तो लगेच पेटतो.

“घरी कोण बसून आहे?” मी विचारलं.

ती हसली. “आत्या आलीये नाशिकहून. हॉलमधल्या दिवाणावर असते. बाबांची जागा ती.”

इथून पुढे तिने लिहायचं होतं आणि मी फक्त कापायचं. तिचा दुसरा मसुदा असा सुरू होत होता: “मी डोंबिवली ते सीएसएमटी रोज लेडीज डब्याने प्रवास करते आणि आम्ही बायका डब्यात चढलो की समोर बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.” माहिती सगळी आहे, पण नेमका शब्द वाक्याच्या पोटात गडप झालाय. ‘कुठे उतरणार’ हे शब्द आले, ऐकणाऱ्याला ओळख पटली, तो हसणार एवढ्यात पुढे ‘हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो’ अशी पाच शब्दांची शेपटी. शिष्टाचार म्हणून माणूस वाक्य संपेपर्यंत थांबतो आणि तोवर हसू विरून जातं.

मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचण रोज येते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. साधं सरळ वाक्य केलं की धक्क्याचा शब्द मधे येतो आणि शेवटी ‘विचारतो’, ‘म्हणाली’, ‘येत नाही’, ‘असतं’ असे काहीच न करणारे शब्द उरतात. पंचनंतर, म्हणजे त्या धक्क्याच्या शब्दानंतर, एक शब्द उरला तर चालतं, तीन उरले तर हसू चिरडतं. यातून सुटायच्या दोनतीन वाटा आहेत. क्रियापद आधी उरकून घ्यायचं आणि मग थांबून तो शब्द टाकायचा. किंवा वाक्य तोडून क्रियापदाला सुट्टीच द्यायची: “मागून आवाज, ‘ठाणा माझं हां!’” इथे ‘येतो’ची गरज नाही. सगळ्यात सोपी वाट म्हणजे ते वाक्य सांगायचंच नाही, बोलून दाखवायचं. पात्राच्या तोंडचं वाक्य शेवटी आलं की त्याच्यामागे काही लावावं लागत नाही.

आत्याच्या जागीही तेच झालं होतं. तिने लिहिलं होतं: “हा प्रश्न घरी आलेल्या पाहुण्यांना विचारता आला असता तर किती बरं झालं असतं!” यात कल्पना आहे, पण ती ‘असता तर’मध्ये अडकली आहे. जे झालं असतं त्यावर लोक मान डोलावतात, जे झालं त्यावर हसतात. मी म्हटलं, विचारता आला असता म्हणू नकोस, जाऊन विचार. आत्यासमोर जाऊन उभी राहा. लोकलमध्ये कशी उभी राहतेस? तिने उठून पाठीवरची सॅक पुढे छातीशी घेतली, एक हात वर कड्याला धरल्यासारखा केला आणि माझ्या खुर्चीकडे रोखून बघत राहिली. त्या नुसत्या उभं राहण्यावरच शेजारच्या टेबलावरचा पोरगा हसला. मिनिटातली सगळ्यात जोरकस जागा मिळाली होती आणि तिथे एकही शब्द नव्हता.

आता मोजमाप. मंचावर थांबत, हसायला जागा देत बोललं की मराठीत मिनिटाला शंभराच्या आतबाहेर शब्द बसतात. नवख्या माणसाने ऐंशीच्या खालीच राहावं, कारण घाबरल्यावर बोलण्याचा वेग वाढतो हे खरं असलं तरी वाचलेला वेळ हसण्याला लागतो. दुसऱ्या मसुद्यात दीडशे शब्द होते. चार बैठकांत ते सत्तरवर आले. शेवटी ठरलेलं मिनिट हे:

“डोंबिवली ते सीएसएमटी. रोज. लेडीज डबा.

चढल्याचढल्या समोर बसलेल्या बाईला मी एकच गोष्ट विचारते. नाव नाही, गाव नाही. ‘कुठे उतरणार?’

म्हणजे पहिल्याच भेटीत… तू जाणार कधी?

आणि तिला रागसुद्धा येत नाही. ती म्हणते, ‘ठाणा.’ लगेच मागून आवाज, ‘ठाणा माझं हां!’

आमच्याकडे नाशिकहून आत्या आलीये. चार दिवसांसाठी. आज सतरावा. हॉलमधल्या दिवाणावर. काल मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. बॅग अशी पुढे. ‘आत्या… कुठे उतरणार?’

आत्या म्हणाली, ‘दिवाळी.’

मागून बाबा, ‘दिवाण माझा हां!’”

पहिली ओळ सहा शब्दांची आहे आणि तिच्यात माफीही नाही, नमस्कारही नाही. ती कोण, कुठली, कुठे उभी आहे हे सगळं त्यात आलं. “नाव नाही, गाव नाही” हे आधी नव्हतं. ते घातलं कारण प्रश्नाआधी क्षणभर चुकीच्या दिशेने नेणं गरजेचं होतं, म्हणजे ऐकणारा ‘मग विचारते तरी काय?’ एवढं मनात म्हणतो. ‘ठाणा’ हा डब्यातला उच्चार आहे. तिने मसुद्यात ‘ठाणे’ लिहिलं होतं. ‘ठाणे माझं’ म्हटलं की ते भाषणातलं वाटतं, ‘ठाणा माझं’ म्हटलं की कोपर कमरेत बसतं.

आत्याचं उत्तर आधी “अगं, आता दिवाळीनंतरच जाईन म्हणते” असं होतं. घरात आत्या तसंच बोलेल. पण लोकलमधल्या बाईने एका शब्दात उत्तर दिलंय, स्टेशनचं नाव. आत्यानेही एका शब्दातच दिलं पाहिजे, म्हणजे दिवाळी हे स्टेशन होतं. बाबांचं शेवटचं वाक्य तर ‘ठाणा माझं’ आधी पेरलेलं आहे म्हणूनच उगवतं. त्यासाठी दिवाण हा शब्द आधी पडायला हवा होता, म्हणून “हॉलमधल्या दिवाणावर” हे बिनहसूचे दोन शब्द राखले. कापताना माझा हात त्यांच्यावर गेला होता आणि तिने अडवला. तिचं बरोबर होतं.

एक फार चांगली ओळ आम्ही काढली. मूळ मसुद्यात ‘ठाणा माझं हां’नंतर होतं: “ठाण्यावर इतक्या ठामपणे हक्क सांगणारे दोनच. एक ही बाई, दुसरे… उमेदवार.” चौघांना वाचून दाखवलं तेव्हा चौघंही हसले. पण त्यानंतर आत्या आली तेव्हा खोली गोंधळली. निवडणुकीचा विषय निघाला की लोक पुढचं नाव कोणाचं येतंय याची वाट बघू लागतात आणि नाशिकची आत्या त्यांना भलतीच वाटते. पहिल्या मिनिटात एकच धागा पुरतो. ती ओळ तिसऱ्या मिनिटात नेली आणि तिथे ती सुखाने नांदते आहे.

आता ‘सतरावा’. खरं तर आत्या सहाच दिवस राहिली होती. ‘आज सहावा’ म्हटलं तर चाराच्या पुढे फार काही गेल्यासारखं वाटत नाही, म्हणून तिने आकडा वाढवला आणि तालमीत म्हणाली, “चार दिवसांसाठी. आज तेरावा.” चौघांपैकी एकाच्या तोंडून “अरे…” निघालं आणि पुढचं मिनिटभर कोणी हसलं नाही. तिला कळेचना. मराठी घरात दहावा आणि तेरावा हे पाहुण्यांचे दिवस नव्हेत, ते गेलेल्या माणसाचे दिवस आहेत. आत्या दिवाणावर बसली होती ती क्षणात फोटोत गेली. अकरावा, बारावाही त्याच रांगेतले. चौदावा, पंधरावा त्यांच्या फार जवळ. म्हणून थेट सतरावर गेलो. सतराशे साठ, सतरा वेळा सांगितलं, अशा बोलण्यात सतराला मुळातच वैतागाचा वास आहे, तो फुकट मिळाला.

पहिल्या दिवशी काय झालं ते रेकॉर्डिंगवरून सांगतो, कारण त्या रात्री तिला विचारलं तर ती म्हणाली, “काहीच आठवत नाही.” फोन मागच्या खुर्चीवर ठेवला होता. पुढे ठेवला तर स्वतःचा आवाजच जास्त येतो आणि खोलीचं हसणं कमी.

तिच्या आधीचा पोरगा चांगला झाला होता, खोली गरम होती. ती आली, माइक स्टँडवरून काढला, स्टँड बाजूला ठेवलं. यात पाच सेकंद गेले आणि त्या वेळात ती गप्प राहिली. हे आम्ही मुद्दाम घोटलं होतं, कारण स्टँडशी झटापट करत पहिलं वाक्य बोललं की ते कोणाला ऐकूच येत नाही. मग पहिली ओळ. ‘कुठे उतरणार?’वर पहिलं हसू आलं, बोलायला लागल्यापासून १३व्या सेकंदाला. ते मोठं नव्हतं. अनुनासिक ‘हं’ अशा जातीचं, ओळख पटल्याचं. पण ते आलं तेव्हा ती थांबलीच नाही. ‘म्हणजे पहिल्याच भेटीत’ हे शब्द त्या हसण्यावर पडले, मागच्यांना ऐकू आले नाहीत आणि ‘तू जाणार कधी?’ला फक्त पुढची रांग हसली. हसण्यावर पाय देणं म्हणतात ते हे. पहिल्या वेळी हे होणारच, कारण तालमीत हसणारे चारच असतात आणि मंचावरचं हसणं एखाद्या सेकंदाने उशिरा आणि लाटेसारखं येतं. ते चढून उतरायला लागलं की बोलायचं. पूर्ण ओसरू द्यायचं नाही, वर असतानाही बोलायचं नाही.

‘ठाणा माझं हां!’ला ठाण्यातल्या खोलीत जे व्हायचं ते झालं. इतकं मोठं हसू तिने धरलंच नव्हतं, ती दचकून थांबली आणि त्या थांबण्याने तिचं भलं झालं. श्वास घेतला, आत्या संथ आली. बॅग पुढे घेताना हसू सुरू झालं, प्रश्नावर वाढलं आणि ‘दिवाळी’वर सगळ्यात मोठं झालं. मग तिने पुन्हा घाई केली. बाबा ‘दिवाळी’च्या हसण्यातच बोलले आणि वाया गेले. रेकॉर्डिंगवर ते वाक्य मलाही कान देऊन ऐकावं लागतं. पूर्ण मिनिट भरलं ६८ सेकंदांना. जादाचे आठ सेकंद हसण्याचे होते, म्हणून त्यांची तक्रार नाही, पण पुढच्या तीन मिनिटांतून तेवढं कापावं लागलं, कारण शेवटचं मिनिट उरल्याची खूण म्हणून मी कडेने फोनचा टॉर्च दाखवतो आणि त्यानंतर फार ताणू देत नाही.

दुसऱ्या वेळी एकच बदल केला. ‘दिवाळी’नंतर तिने डाव्या खांद्यावरून मागे वळून बघायचं, जणू बाबांनी हाक मारलीये, आणि मगच ते वाक्य. वळायला जेवढा वेळ लागतो तेवढा हसण्याला मिळतो. “तीन सेकंद थांब” असं सांगून घाबरलेला माणूस थांबत नाही. त्याच्या शरीराला काम दिलं की थांबतो.

दीड महिन्याने ती पुण्यात करून आली आणि तिथे हे मिनिट गारठलं. रेकॉर्डिंग पाठवलं होतं. ‘कुठे उतरणार?’वर शांतता, ‘ठाणा माझं हां’वरही शांतता, आत्यावर थोडं हसू आणि बाबांवर काहीच नाही. पुण्याच्या बसमध्ये जागा अशी आधी विचारून ठरत नाही. तिथल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे नुसती चौकशी वाटते. ओळख पटून येणारं हसू ओळख असेल तिथेच येतं.

तिने आधी क्रम उलटा करून पाहिला, आत्यापासून सुरुवात. आत्या कुठेही चालतेच, पुण्यात तर जास्तच. पण ‘आत्या, कुठे उतरणार?’ हे वाक्य आधी डब्यात ऐकलेलं नसेल तर ते फक्त विचित्र आहे. ते चाललं नाही. मग एक वाक्य वाढवलं: “मुंबईत लोकलमध्ये जागा विचारून बुक करतात. तुम्ही उठलात की ती माझी.” याला सहा सेकंद लागतात. पहिलं हसू १३वरून विसाव्या सेकंदाच्या आसपास गेलं आणि ते ‘तू जाणार कधी?’वर आलं, म्हणजे त्या ओळीला तिचा हक्काचा मान पुण्यात मिळाला. ‘ठाणा माझं’ तिथे अजूनही कोरडंच जातं. पण ते काढता येत नाही, बाबा त्याच्यावर उभे आहेत. सध्या ती पुण्यात ‘ठाणा’ऐवजी ‘दादर’ म्हणून बघते आहे, कारण दादर पुणेकराला आपलं वाटतं, तो तिथेच उतरतो.